पंचम नसलेली पेटी

परळीत पेटी दुरुस्त करणारा एकच माणूस आणि तोही तोंडानं फाटका. शहादेवाकडं पेटी घेऊन येणारं गिऱ्हाईक आधी शिव्या खातं, मग पेटी ठेवतं. भजनी मंडळवाले यायचे, शाळेचे मास्तर यायचे, भीमजयंतीच्या आधी गाणारी पोरं यायची. कुणी म्हणालं, ‘पेटी चांगली हाय, जरा आवाज दबलाय,’ की हा म्हणायचा, “चांगली हाय तर माझ्याकडं कावून आणली? देवघरात ठेव.”

स्टेशनच्या रस्त्यावरून आत वळलं की पत्र्याचं दुकान. आत एक लाकडी मेज, मेजावर स्वतःची एक जुनी पण टंच पेटी, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि फोटोच्या काचेवर थर्मलच्या धुराड्यातली पांढुरकी राख. ही राख कुणाला सोडत नाही. पितळेच्या जिभेखाली कागदाएवढी फट असते, राख तिथंही जाऊन बसते आणि सूर मुका होतो. शहादेव म्हणायचा, निम्मं दुकान ह्या राखेवर चालतं आणि निम्मं उंदरांवर.

वय अठ्ठावन्न. बायको वारली, पोरगी पुण्याला. माणसाला रागावायला कारण लागतं, ह्याच्याकडं एक कायमचं होतं. त्याच्या आईनं एक गाणं रचलं होतं आणि त्यातलं त्याला दीड कडवं येत होतं. पुढचं कुणालाच येत नव्हतं. आई भामाबाई निरक्षर, गाणं कागदावर कधी चढलंच नाही. मरायच्या आधी त्यानं हजार वेळा विचारलं. ती म्हणायची, “पेटीसंगं गेलं ते. आता नगं इचारू.” आणि भिंतीकडं तोंड करायची. शेवटची दहा वर्षं तो आईवर त्या एका गोष्टीसाठी चिडलेला होता. मेल्यावर चीड कुणावर काढायची, म्हणून गिऱ्हाइकावर.

त्या दिवशी दुपारी दारात पांढरी गाडी थांबली. गाडीतून एक तिशीतला पोरगा उतरला, कडक इस्त्री, गळ्यात चेन, कानाला फोन. मागून एक पोरगी, बावीस-तेवीसची, तिच्या हातात पोत्यात बांधलेलं ओझं. ओझं पोरीच्या हातात आणि फोन पोराच्या हातात, हे शहादेवानं पहिलं बघितलं.

“पेटीवाले तुमीच का?”

“न्हाई. मी कलेक्टर हाय. विरंगुळा म्हणून बसलोय हितं.”

पोरगी हसली. पोरगा हसला नाही. त्यानं भिंतीवरचे फोटो बघितले, पाय उंबऱ्याबाहेरच ठेवले आणि म्हणाला, “रविवारच्या आत पायजे. अर्जंट काम हाय. पैशाचं बघू नका.”

“पैशाचं मी बघतोच. पोतं सोड.”

पोरीनं पोतं सोडलं. पेटी जुनी, वरून कुणीतरी चकचकीत रंग मारलेला, चॉकलेटी. सागवानी लाकडाला असा रंग मारणाऱ्याला उभं करून हाणावं, असं शहादेवाला वाटलं आणि तो तसं बोललाही. मग त्यानं मागचा भाता उघडला, दाबला, एकही पट्टी न दाबता वाट बघितली. चांगल्या पेटीचा भाता भरून सोडला की हवा आत कोंडून राहते, पट्टी दाबेपर्यंत जागची हलत नाही. हा भाता दोन आकडे मोजायच्या आत फुस्स करून बसला.

“उंदरानं कोपरे खाल्लेत. चामडं नवं लावावं लागंल. बाकी आत काय हाय ते उघडल्यावर कळंल. सूर कोणत्या पट्टीतनं वाजवता? ते कळल्याबिगर सूर मिळवता येत न्हाई मला. ती माझी पेटी हाय, तिच्यावर वाजव.”

खरं तर असं काही नसतं. सूर मिळवायला गाणं ऐकावं लागत नाही. पण शहादेवाची ती खोड होती. पेटी आणणाऱ्याला वाजवायला लावायचं, मग त्याची चूक काढायची.

“ही वाजवती,” पोरगा म्हणाला. “आमची बहीण. योगिता. वाजव गं ते.”

योगिता मेजाजवळ सतरंजीवर बसली. शहादेवानं तांब्या पुढं केला. “पाणी घे.” ती प्याली. पोराला विचारलं तर म्हणाला, “गाडीत बाटली हाय.” ही बाटली त्याला चाळीस वर्षांपासून माहीत होती, फक्त आधी ती लोट्यात असायची.

पोरीचा हात कच्चा होता. डाव्या हातानं भाता ओढताना खांदा हलत होता, उजव्या हाताचं एकेक बोट विचारून विचारून पट्टीवर उतरत होतं. तिनं काळी चारला, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर, षड्ज धरला. तिथून काळी पाच, मग पांढरी एक, मग काळी एक. आणि थांबली. हात उचलला, पेटीच्या लाकडावर तळव्यानं एक थाप मारली, आणि पुढं पांढरी चारवर गेली.

शहादेव शिवी देणार होता. तोंडापर्यंत आली होती. ‘अगं मधला सूर गिळला का?’ असं काहीतरी. काळी चारचा सा धरला तर काळी दोन हा पंचम. चाल मध्यमावरून सरळ पंचमावर यायची, आणि ही पोरगी नेमकी पंचमाच्या उंबऱ्यावर थांबून लाकूड वाजवत होती. नवशिके अडखळतात. पण नवशिका एकदा इथं अडखळतो, एकदा तिथं. ही दुसऱ्या फेरीला पुन्हा तिथंच थांबली, तीच थाप, तेवढीच जागा. तिसऱ्यांदाही.

ते अडखळणं नव्हतंच. ते गाण्यातच होतं.

आईचं गाणं होतं ते.

त्याला ती थाप ओळखीची होती, आणि ती का आहे हेही माहीत होतं. त्याचा बाप सुग्रीव. बापानं एका मोडलेल्या तमाशाच्या फडाकडून जुनी पेटी आणली होती. तिची काळी दोनची पितळी जीभ आधीच तुटलेली होती. पट्टी दाबली की सूर नाही, नुसती हवा. शहाणा वाजवणारा काय करील? सा दुसऱ्या पट्टीवर नेईल, मुकी पट्टी गाण्याच्या वाटेत येणारच नाही असं बघेल. पण बापाला एकाच पट्टीतून वाजवता यायचं. ऐकून ऐकून शिकलेला माणूस. काळी चार सोडली की त्याची बोटं आंधळी व्हायची, आणि भामाबाईचा गळाही काळी चारलाच बसायचा. मग दोघा नवरा-बायकोनं गाणंच त्या भोकाभोवती रचलं. जिथं पंचम यायला पाहिजे तिथं बाप लाकडावर थाप मारायचा. गाणं होतं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांचं. थाप म्हणजे हातोड्याचा घाव. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय डोकं चालवलंय! डोकं कसलं, सूर नव्हता.

आणि ही पोरगी चांगल्या पेटीवर, जिवंत पंचम बोटाखाली असताना, त्याला ओलांडून चालली होती.

“थांब,” शहादेव म्हणाला. “ती पट्टी चालू हाय की. कावून सोडली?”

“आजोबा तसंच वाजवायचे काका. म्हणायचे, हितं थांबायचं आन् थाप मारायची. आमच्या पेटीत तो सूरच न्हाई.”

“तोच तर बसवायचाय,” पोरगा उंबऱ्यावरून म्हणाला. “सलग वाजली पायजे. रेकॉर्डिंग करणारे म्हणले, मधी मधी गचके बसतेत. नवा सूर टाका अन् सरळ करा.”

“गाव कोणतं?”

“खोरवाडी.”

“कोणाचे?”

“मुंजाजी मुकादमाचे नातू आमी. मी लखन. नाव ऐकलं आसंल.”

ऐकलं होतं. शहादेव उठला, तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतः प्याला, आणि परत बसला. त्यानं त्यांची पेटी पुढं ओढली आणि पेच काढायला घेतले.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. खोरवाडीच्या पाझर तलावावर सगळं गाव खडी फोडत होतं. मुकादम मुंजाजी. खडी मोजायला लाकडाचं बिनबुडाचं माप असतं, चार फळ्यांची चौकट. ती जमिनीवर ठेवायची, खडीनं काठोकाठ भरायची, मग उचलायची, की झालं एक माप. मुंजाजी चौकट ठेवायच्या आधी खालची माती उकरून ठेवायचा. वरून चौकट तेवढीच, खाली खड्डा. बाया पाट्यांवर पाट्या ओतायच्या आणि माप भरायचं नाही. सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. भामाबाई बोलली. गाऊन बोलली. जयंतीला अख्ख्या गावासमोर. सवर्णांच्या आळीतली माणसंसुद्धा लांब उभी राहून ऐकत होती, आणि तिसरं कडवं आलं तेव्हा ती पण हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजाजी चौघांना घेऊन आला. पेटी उचलली. सुग्रीव आडवा आला तर त्याचा उजवा हात दाराच्या चौकटीवर धरून दार लावलं. तीन बोटं कायमची वाकडी झाली. त्याच आठवड्यात आई, बाप आणि पोरगा, तिघांनी गाव सोडलं. शहादेव तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला दाराचा आवाज आठवायचा, ते तिसरं कडवं आठवायचं नाही. हेच त्याचं दुःख होतं, हाच त्याचा संताप. नेमकं जे ठेवायचं ते गेलं आणि जे विसरायचं ते राहिलं.

“आजोबांनी सवतः रचलेलं हाय हे,” लखन सांगत होता. “रविवारी वर्षश्राद्ध. शेतात समाधी बांधली. काळा दगड आणला बाहेरून. आमदार येणार हायेत. गाणं व्हिडिओत टाकायचं, ‘रचना – कैलासवासी मुंजाजी’. आजोबा कलाकार माणूस होता, लोकायला म्हाईत न्हाई.”

“शब्द काय हायेत?”

“पयल्या दोन कडव्यायचे शब्द आमच्या गुरुजींनी लिवून दिले. इठ्ठलावर. आजोबा शब्द म्हणत न्हव्हते, नुसतं वाजवायचे.”

“कावून म्हणत नव्हते?”

योगिता म्हणाली, “त्यायचा आवाजच पुरत नव्हता काका. तिसरा भाग लई वर जातो. मलाबी पुरत न्हाई.”

शहादेव हसला. चांगला हसला नाही. “ऐक पोरी. ज्या गड्यानं गाणं रचलं, तो आपल्या गळ्याला पुरंल आसं रचंल, का न पुरंल आसं? काळी चार ही बाईची पट्टी हाय. गडी माणूस काळी एकला गातो, पांढरी दोनला गातो. तुझ्या आज्याला सा तरी धड लागत होता का हितं?”

“ओ, तोंड सांभाळून,” लखन म्हणाला आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला. “आज्या कुणाला म्हणतो बे? दुरुस्तीचं बघ.”

“तेच बघतोय.”

वरची फळी निघाली. पट्ट्या रांगेत उघड्या झाल्या, प्रत्येकीखाली तारेची स्प्रिंग, प्रत्येकीच्या पोटाला चामड्याची गादी. पट्टी दाबली की गादी उचलते, खालचं भोक उघडतं, भात्यातली हवा त्या भोकातून पितळी जिभेला हलवत बाहेर येते. पेटी म्हणजे एवढंच. बाकी सगळा माणसाचा हात. शहादेव एकेक पट्टी काढून मेजावर मांडू लागला. पेटी खोलणारा कुणीही कारागीर पट्ट्यांच्या पोटावर पेन्सिलनं आकडे टाकतो, नाहीतर परत लावताना गोंधळ होतो. ह्या पट्ट्यांवर आकडे नव्हते. आकडे येत असलेल्या माणसानं त्या लावलेल्याच नव्हत्या.

काळी चार काढली. उलटी केली. पोटावर चाकूनं कोरलेल्या तीन खाचा.

“हे बघा,” त्यानं पट्टी दोघांच्या नाकासमोर धरली. “ज्याला लिवता येत न्हाई तो आशी खूण करतो. मंजे अंधारात, घाईत, पेटी खोलली तरी सा सापडावा. तुमच्या आज्याला लिवता येत होतं का?”

“हजेऱ्या लिवायचे ते,” योगिता हळूच म्हणाली. “दांडगं अक्षर होतं.”

“मग त्यानं खाचा कावून केल्या?”

“जुनी घेतली आसंल. खाचा आधीच्या मालकाच्या आसतील,” लखन म्हणाला. “त्यात काय मोठं?”

“काय न्हाई. आधीचाच मालक.” शहादेव खाली वाकला. सुरांची फळी बाहेर काढली, उजेडात धरली. पितळेच्या जिभा ओळीनं, राखेनं माखलेल्या, आणि मधोमध एक जागा वेगळी. तिथं जीभ नव्हती. तंबाखूच्या डबीचा पत्रा कापून बसवलेला, कडेनं डांबर. दुष्काळी कामावर रस्त्याला टाकायचं डांबर. चुकून त्या पट्टीवर बोट पडलं तरी भाता रिकामा होऊ नये म्हणून बुजवलेलं भोक. पत्र्याच्या कडेला बापाच्या अंगठ्याचा ठसा अजून होता. पन्नास वर्षांत डांबर वाळून दगड झालेलं.

त्यानं अंगठा त्या ठशावर ठेवला. त्याचा स्वतःचा अंगठा मोठा होता.

“सुग्रीव माझा बाप,” तो म्हणाला. “ही पेटी त्याची. गाणं माझ्या आईचं, भामाबाईचं. तुझ्या आज्यानं दोन्ही नेलं. पेटी उचलून नेली आन् गाणं ऐकून. ज्याची गावात अब्रू गेली त्यालाच ती चाल आवडली, हे मला आज कळलं. एका बोटानं वाजवत बसला आसंल माडीवर.”

लखनचा चेहरा तांबडा झाला. “पुरावा काय? कुणीबी उठावं आन् मेलेल्या माणसावर चोरी घालावी? तुमा लोकायचं हेच हाय. हरेक गोष्टीत आमचं, आमच्याकडनं हिसकलं.”

“तुमा लोकायचं म्हणजे कुणाचं? नीट बोल. मीबी नीट ऐकतो.”

“दादा, जाऊ दे,” योगिता म्हणाली.

“कावून जाऊ दे? पुरावा माझ्याकडं हाय, ह्याच्याकडं न्हाई!” लखननं फोन काढला, बोटानं फोटो सरकवले आणि पडदा शहादेवासमोर धरला. “संताच्या अभंगात शेवटी नाव आसतं का न्हाई? रचणाऱ्याचं? तसं आजोबाचं नाव हाय गाण्यात. तिसऱ्या कडव्यात. आजारी पडल्यावर रोज तेवढी एकच ओळ पुटपुटायचे. तीच कोरली दगडावर. वाच. वाचता येतं ना?”

काळा गुळगुळीत दगड, सोनेरी अक्षरं. वर मुंजाजीचा फेट्यातला फोटो. चष्मा घरी राहिला होता, शहादेवाला अक्षरं पुसट दिसत होती.

“तू म्हण,” तो योगिताला म्हणाला. “वाजवून म्हण. तिसरा भाग.”

योगितानं भावाकडं बघितलं. लखन म्हणाला, “म्हण. ऐकू दे त्याला.”

तिनं शहादेवाच्या पेटीचा भाता धरला. चाल वर चढली, वरचा सा, तिथून वरचा गंधार. शहादेवानं ही चढण एकावन्न वर्षं ऐकली नव्हती. पोरीचा आवाज फाटला, तरी तिनं सोडलं नाही.

“मुंजाजीचं माप बाई, भरता भरंना…”

खाली उतरत पंचमापाशी आली. थाप. आणि थांबली, कारण आजोबाला पुढं येत नव्हतं, किंवा येत असून त्यांनी म्हटलं नव्हतं.

“मंजे मनुष्याचं मन किती दिलं तरी भरत न्हाई,” लखन अर्थ सांगू लागला. “गुरुजी म्हणले, लई खोल—”

“खड्डा त्याच्या बुडी, कुणी इचारंना.”

हे शहादेव बोलला. त्यानं आठवलं नव्हतं. तोंडानं आपलं आपण म्हटलं, चालीत, जागच्या जागी, जसा पायरीवर पाय पडतो. त्याला स्वतःला दचकल्यासारखं झालं. त्यानं परत म्हटलं, ते परत पळून जाईल या भीतीनं मोठ्यानं म्हटलं:

“मुंजाजीचं माप बाई, भरता भरंना,
खड्डा त्याच्या बुडी, कुणी इचारंना!”

रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी ओरडत होता.

योगिताचे हात पट्ट्यांवरच होते. शेतकऱ्याची पोरगी. तिनं खडीचं माप बघितलं होतं, तलावाच्या कामाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. तिला समजावून सांगावं लागलं नाही. आधी तिचे कान लाल झाले, मग ती म्हणाली, “खड्डा… मापाखाली?”

“माती उकरायचा. मग माप मांडायचा. माझ्या आईनं त्याच्या तोंडावर गायलं. आन् त्यानं माझ्या बापाची बोटं दारात धरली.” शहादेवानं लखनकडं बघितलं. “रचणाऱ्याचं नाव न्हाई ते येड्या. शिवी हाय ती. तू तुझ्या आज्याच्या डोक्यावर शिवी कोरलीस. सोनेरी अक्षरात.”

लखननं शहादेवाची गचांडी धरली. मेज हललं, मांडलेल्या पट्ट्या खाली सांडल्या. शहादेव म्हातारा असला तरी आयुष्यभर लाकूड घासलेला माणूस, त्यानं लखनचं मनगट असं पिळलं की फोन पडला. योगिता मधे आली आणि तिनं जे केलं ते दोघांनाही अपेक्षित नव्हतं. तिनं दोघांनाही ढकललं.

“तुमीबी जरा दम धरा काका!” ती शहादेवावर खेकसली. “तो माझा आजा होता. मला मांडीवर बसवून त्यानं पेटी शिकवली. त्यानं काय केलं ते मला आत्ता कळतंय, आन् तुमी हसताय.”

“मी हसणारच. मला एकावन्न वर्षं हसायला मिळालं न्हाई.”

“मग हसा.”

लखन शर्ट सारखा करत होता. आवाज आता खाली आला होता, आणि खालचा आवाज जास्त वाईट होता. “किती पायजे बोल. पेटी ठेव तुझ्याकडं. पायजे तर दुसरी नवी घेऊन देतो. हे हितंच गाडायचं. रविवारी आमदार यायलेत.”

“मला काय पायजे सांगू? त्या ओळीच्या खाली नाव कोर. ‘रचना – भामाबाई सुग्रीव’. ओळ तशीच ठेव. मी सवता येऊन वाजवतो, फुकट. पंचम बसवणार न्हाई, थाप मारणार.”

“मेलास तरी होणार न्हाई.”

“मग मर तूच. रविवारपर्यंत चार दिस हायेत.”

लखननं खाली वाकून उघडी पेटी उचलली. पट्ट्या नाहीत, सुरांची फळी मेजावर, भाता फाटका. खोकं उचललं त्यानं, आत काही नसलेलं, चॉकलेटी रंगाचं खोकं, आणि गाडीत टाकलं. “चोरीचा गुन्हा घालतो तुझ्यावर,” तो गाडीतून ओरडला.

“घाल! ठाण्यात सांग, आमच्या आज्यानं चोरलेली पेटी ह्यानं चोरली. मी बी येतो, जबाब गाऊन देतो!”

योगिता उंबऱ्यावर थांबली. तिनं खाली सांडलेल्या पट्ट्यांतली एक उचलली, उलटी करून खाचा बघितल्या आणि मेजावर ठेवली. “बाकीच्या दोन कडव्यायचे शब्द हायेत का तुमच्याकडं?”

“दीड कडवं होतं. आता अडीच झालं. दुसऱ्याचा शेवट न्हाई.”

“चाल येते मला त्याची.” ती परत सतरंजीवर बसली. बाहेर लखन हॉर्न वाजवत होता. तिनं दुसऱ्या भागाचा शेवट वाजवला, हळू, दोनदा. तिसऱ्यांदा शहादेवानं तिचा हात बाजूला सारून स्वतः वाजवला. शब्द आले नाहीत. चाल आली, एवढं मात्र खरं. मग ती उठली आणि गेली. आभार ना तिनं मानले, ना त्यानं.

रविवारी वर्षश्राद्ध झालं. व्हिडिओ काही आला नाही. सोमवारी दगडाचं काम करणारा दगडू कटर शहादेवाकडं ढोलकीची कडी सांधायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, “खोरवाडीच्या त्या लखननं शनिवारी बोलावलं मला. दगडावरची एक ओळ ग्राइंडरनं घासून काढायला लावली. म्हणलं, अहो दगड खराब होतो. तर म्हणला, होऊ दे. आता काळ्या दगडावर येवढा पांढरा पट्टा दिसतोय, हातभर लांब. रविवारी आलेला हरेक माणूस इचारत होता, हितं काय लिवलं होतं? आमदारानंबी इचारलं. कुणी सांगंना.”

शहादेवानं कडी खाली ठेवली.

“तू काय सांगितलं?”

“मला कुठं ध्यानात राहतं? मी आपला घासणारा.”

“बस,” शहादेव म्हणाला. “ती कडी राहू दे. बस आधी.”

त्यानं मेजावरची पेटी ओढली. तिच्यातली काळी दोनची पितळी जीभ त्यानं आदल्याच दिवशी काढून डबीत ठेवली होती आणि त्या भोकावर बापाचा पत्रा बसवला होता, डांबराच्या जुन्याच कडेसकट. भाता भरला. काळी चार धरली.

“फोडते खडी गं बाई, फोडते खडी,” त्यानं सुरू केलं. आवाज घोगरा, पट्टी बाईची, गळा पुरत नव्हता. पंचमाच्या जागेवर त्यानं पेटीच्या लाकडावर हात आपटला.

दगडूच्या पोटातून हसू आलं ते तिसऱ्या कडव्याला. “आयला! हे लिवलं होतं व्हय तिथं?”

“हे अर्धं. सगळं लिवलं न्हव्हतं त्यायनी. कोण कोण इचारत होतं म्हणलास?”

“अख्खं गाव.”

“त्यायला सांग, परळीला या. स्टेशनच्या रस्त्यावरून आत. दुकान उघडं आसतं माझं.” आणि शहादेवानं परत पहिल्यापासून धरलं, कारण दगडूला ध्यानात राहत नाही असं तोच म्हणाला होता, आणि हे ध्यानात राहिल्याशिवाय शहादेव त्याला उठू देणार नव्हता.